ओळखलं का?

नांदगावच्या ग्रामीण रुग्णालयातून पेशंट मालेगावला किंवा नाशिकला हलवला, की दुसऱ्या दिवशी गावातून माणसं निघतात. कोणी रेल्वेने, कोणी जीप करून. नाशिक शंभरेक किलोमीटर. पोचेपर्यंत दुपार होते. मग आयसीयूच्या दाराशी ताटकळणं. शेवटी नंबर लागतो. चप्पल बाहेर, हात धुऊन आत, एका वेळी एक माणूस, पाच मिनिटं. एवढा खटाटोप करून पलंगाशी पोचलेला माणूस वाकतो आणि पहिलं वाक्य बोलतो, "नाना, ओळखलं का मला?"

नानांच्या तोंडातून श्वासनलिकेत नळी गेलेली आहे. ती उपसली जाऊ नये म्हणून हात मऊ पट्टीने कठड्याला बांधलेत. पंपातून गुंगीचं औषध शिरेत चाललंय. चष्मा बाहेर सोबतच्या माणसाच्या पिशवीत, कानाचं मशीनही तिथेच. अशा माणसाला आपण प्रश्न घालतो. उत्तर आलं नाही की तोच प्रश्न मोठ्याने. तरी नाही आलं तर खांदा हलवून. पाच मिनिटं संपली की बाहेर येऊन निकाल सांगायचा, "काही ओळखत नाहीत." मग पुढचा परीक्षक आत जातो.

जवळचा माणूस भेटल्यावर आपण एरवी त्याची अशी परीक्षा घेत नाही. बाजारात भेटलेल्या नानांना कोणी "मी कोण ते सांगा" म्हणत नाही. बोलता येत नाही, दिसत नाही, हात हलवता येत नाही, अशा अवस्थेत नाना सापडले की मात्र म्हणतो.

याचं एक कारण आपल्या रीतीतच आहे. आडव्या माणसाच्या पाया पडू नये, हे लहानपणापासून बजावलेलं असतं. झोपलेल्याला नमस्कार फक्त एकदाच करतात आणि तो दिवस कोणाला नको असतो. त्यामुळे वडीलधाऱ्या माणसाला भेटल्याबरोबर हात आपोआप जिथे जातात, ती जागा इस्पितळात बंद होते. राहिले राम राम, जय हरी, जय भीम, सलाम. पण या सगळ्यांना समोरून परतफेड लागते. एकाने राम राम म्हटलं आणि दुसरा गप्प राहिला, तर गावात त्याचा अर्थ भांडण असा होतो. मग बिनउत्तराच्या माणसाला भेटल्यावर म्हणायचं काय? कोणी शिकवलेलं नाही. म्हणून तोंडातून प्रश्न निघतो. त्यात प्रेम असतंच. पण प्रश्न चुकीचा तो चुकीचाच.

गुंगीतल्या पेशंटला प्रश्न विचारायचं काम आयसीयूत आधीच कोणीतरी करत असतं. सिस्टर. त्याची ठरलेली पद्धत आहे. २००२ साली अमेरिकेतल्या रिचमंडच्या डॉक्टर-नर्स मंडळींनी गुंगी मोजायची एक पट्टी प्रसिद्ध केली. आज ती जगभरच्या आयसीयूंत वापरली जाते. शून्य म्हणजे माणूस जागा आणि शांत. वर अधिक चारपर्यंत चिडचिड, धडपड. खाली उणे पाचपर्यंत गुंगी. मोजणी अशी: आधी नुसतं बघायचं. डोळे मिटलेले असतील तर नाव घेऊन हाक मारायची आणि डोळे उघडून इकडे बघायला सांगायचं. नजर दहा सेकंदांहून जास्त टिकली तर उणे एक. लगेच मिटली तर उणे दोन. नजर भिडलीच नाही, पण हाकेने काहीतरी हाललं, तर उणे तीन. हाकेने काहीच झालं नाही, तरच अंगाला हात लावायचा: खांदा हलवायचा, छातीचं हाड चोळायचं. त्याने हालचाल झाली तर उणे चार, नाही झाली तर उणे पाच.

यात बघण्यानंतरची पायरी हाकेची आहे, खांदा हलवण्याची नाही. आणि ही हाक ठरल्या वेळी, औषधाचं माप ठरवण्यासाठी मारलेली असते. नाना उणे दोनवर असावेत असं डॉक्टरांनी ठरवलेलं असेल, तर नाना मिटल्या डोळ्यांनी पडून आहेत यात काही बिघडलेलं नाही. त्यांना तसंच ठेवलेलं आहे. भेटायला आलेल्या माणसाला हे ठाऊक नसतं. त्याला मिटलेले डोळे दिसतात आणि ते उघडून दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, असं त्याला वाटतं.

उघडतातही. उणे दोनवरचा माणूस ओळखीच्या आवाजाला डोळे उघडतो. मग काय होतं ते पलंगाशी उभं राहून बघावं. "ओळखलं का?" हा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचतो. उत्तर द्यावं असं वाटतं, कारण आयुष्यभर तो विचारलेल्याला उत्तर देत आलाय. बोलायला जातो. नळी स्वरतंतूंच्या मधून गेलेली असते, आवाज फुटत नाही. तो जोर करतो. ठसका लागतो. ठसक्याबरोबर छातीतला दाब वाढतो आणि व्हेंटिलेटर वाजायला लागतो. बांधलेले हात ताणले जातात. नाडी वाढते. आवाज ऐकून सिस्टर धावत येते, पाहुण्याला बाजूला करते, नळीतला कफ ओढून काढते. एवढ्याने भागलं नाही तर औषधाचा एक जादा डोस जातो. नाना पुन्हा खाली, कदाचित उणे चारवर. पुढे चार पाहुणे आहेत. ते येतील तेव्हा नाना हाकेलाही हलणार नाहीत, आणि प्रत्येक जण बाहेर येऊन सांगेल की तब्येत उतरली.

गुंगी उगाच खोल नेऊ नये, हे आता वैद्यकाने पुरतं मान्य केलेलं आहे. २००० साली शिकागोच्या डॉक्टरांनी व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांचं औषध रोज एकदा थांबवून, जाग येऊ देऊन, मग गरज पडली तर पुन्हा सुरू करून बघितलं. व्हेंटिलेटरवरचे दिवस सव्वासातच्या आसपास होते, ते पाचाच्या आत आले. आपल्याकडच्याही अनेक आयसीयूंत सकाळी औषध कमी करून बघतात. सकाळी मोठ्या कष्टाने वर आणलेला माणूस संध्याकाळच्या एका प्रश्नाने पुन्हा खाली जाऊ शकतो.

तर बोलायचं काय? साधं आहे. विचारायचं नाही, सांगायचं. नानांनी जे ओळखायला हवं असं तुम्हाला वाटतं, ते तुम्हीच त्यांना सांगून टाकायचं.

आधी बाहेरच सिस्टरला एक गोष्ट विचारून घ्यावी, "हाकेला डोळे उघडतात का?" उघडत असतील तर हळू बोलावं. उघडत नसतील तरी बोलावं, पण उघडवायला जाऊ नये. आत गेल्यावर पायाशी उभं राहू नये. डोक्याच्या बाजूला, नजर वळली तर आपण दिसू अशा जागी थांबावं. आधी आवाज, मग हात. मिटल्या डोळ्यांच्या माणसाला अचानक कोणी धरलं तर तो दचकतो, मग धरणारा मुलगा का असेना. हात ठेवायचा तो सुई नसलेल्या हातावर, मनगटाच्या वर. आणि नेहमीच्या आवाजात, एका वेळी एक वाक्य:

"नाना, मी सुनील. न्यायडोंगरीचा तुमचा भाचा."

थांबायचं.

"तुम्ही नाशिकला दवाखान्यात आहात. आज गुरुवार, संध्याकाळ आहे."

थांबायचं.

"श्वासासाठी तोंडात नळी घातलीय, म्हणून बोलता येत नाही. बरं वाटलं की काढणार आहेत. तुम्ही काही बोलू नका. मी बसलोय इथे."

झालं. यात एकही प्रश्न नाही. नाव आहे, नातं आहे, जागा आहे, वार आहे, आणि गळ्यात जे अडकलंय ते काय, याचं उत्तर आहे. "तुम्ही काही बोलू नका" हे वाक्य विसरू नये. परतफेडीच्या ओझ्यातून माणूस त्यानेच सुटतो. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

जागा आणि वार सांगायचं कारण आहे. आयसीयूत दिवस-रात्र कळत नाही. दिवा कायम चालू, यंत्रांचे आवाज कायम चालू. औषध, ताप, जंतुसंसर्ग आणि मोडलेली झोप यांनी म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो. घरातले "भलतंच बोलतात" म्हणतात, तो हाच. अशा माणसाला आपण शेतात आहोत, कोणीतरी बांधून घातलंय, असं खरोखर वाटत असतं. हात बांधलेले असतातच, त्यामुळे भ्रमाला पुरावाही मिळतो. त्याला "असं काय करता, ओळखत नाही का?" असं दरडावणारा माणूस त्याच्या दृष्टीने बांधून घालणाऱ्यांपैकीच एक. आपण कोण, कुठे, कशासाठी आलो, हे शांतपणे पुन्हा पुन्हा सांगणारा माणूस तरी वेगळा वाटण्याची शक्यता आहे. डॉक्टरांची परवानगी घेऊन चष्मा आणि कानाचं मशीन पिशवीतून बाहेर काढलं तर आणखी बरं. बहिऱ्या माणसाला मशीन न लावता मोठमोठ्याने हाका मारायच्या आणि शुद्ध नाही म्हणून रडायचं, हा प्रकारही कमी होत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: "त्यांना कुठे काय कळतंय?" नांदगावसारख्या भागात याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. पावसाळ्यात मण्यार चावलेला पेशंट बघावा.

मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला चावते. चावा बहुतेकदा कळत नाही. सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात दुखतं, घशाखाली घोट उतरत नाही, पापण्या जड होतात. तिचं विष नसा आणि स्नायू जिथे जोडलेले असतात तिथे काम करतं. पापण्या पडतात, जीभ लुळी पडते, मान पडते, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. सर्पविषावरची लस द्यायचीच, पण नसांच्या टोकांना झालेली इजा ती उलटवत नाही. टोकं पुन्हा भरून येईपर्यंत माणूस व्हेंटिलेटरवर राहतो. कधी दोन दिवस, कधी त्याहून बरेच जास्त.

या काळात तो दिसतो कसा? डोळे मिटलेले. हाक मारा, हालचाल नाही. चिमटा काढा, हालचाल नाही. पापणी उचलली तर बाहुलीही मोठी झालेली आणि उजेडाला न हलणारी असू शकते. अनुभव नसलेल्याला वाटतं, मेंदू गेला. डॉक्टरांचीही अशी फसगत होते, म्हणून सर्पदंशाचा संशय असेल तर मेंदू मृत असल्याचा निष्कर्ष घाईने काढू नये, असं त्यांना शिकवावं लागतं. प्रत्यक्षात आतला माणूस जागा असू शकतो. विष स्नायू थांबवतं, जाणीव नाही. कान उघडे असतात. डोळे उघडत नाहीत, कारण पापण्या उचलणारा स्नायू लुळा पडलाय. तेवढंच. बोलणारा कोण, तो काय म्हणाला, हे सगळं त्याच्यापर्यंत पोचत असतं. गुंगीचं औषध चालू असेल तर थोडं कमी पोचेल.

आता या पलंगाशी उभं राहून "ओळखलं का?" विचारून बघा. त्याने ओळखलेलं असतं, आणि ते सांगायला त्याच्याकडे एक बोटही नसतं. त्यानंतरचा संवाद तर आणखी वाईट. प्रश्नाला उत्तर आलं नाही, म्हणजे पेशंट खोलीत नाहीच, असं धरून माणसं पलंगावरूनच एकमेकांशी बोलायला लागतात. बिल किती झालं. मांत्रिकाकडे आधी न्यायला हवं होतं की नको. पोरांचं आता कसं व्हायचं. आठवडाभराने पापण्या उघडून हा माणूस घरी जातो, तेव्हा कोण काय बोललं हे त्याच्याजवळ असतं.

सगळे गुंगीतले पेशंट असे जागे नसतात, हेही सांगायला हवं. औषधाने खोल गेलेल्या, मेंदूला मार लागलेल्या माणसाला किती ऐकू येतं हे बाहेरून कळत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, मेंदूला इजा झालेल्या आणि सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ जणांना "हात हलवतोय अशी कल्पना करा" अशा प्रकारच्या सूचना दिल्या आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूची तपासणी केली. ६० जणांच्या मेंदूने सूचना पाळली. चौघांत एक. बाकीच्या तिघांबद्दल छातीठोक काही म्हणता येत नाही. आणि बाहेरून बघून हा चौथा कोण, हे ना पाहुण्याला कळतं, ना नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांना.

महाराष्ट्राने तर एका पेशंटला सुमारे ४२ वर्षं असंच बघितलंय. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्यावर इस्पितळातच हल्ला झाला आणि २०१५ च्या मे महिन्यात त्यांचं निधन झालं. मधली सगळी वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. २०११ साली दयामरणाच्या खटल्याची सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, तेव्हा त्यांच्या अवस्थेची बारीक नोंद झाली. त्यात एक साधी गोष्ट आहे: खोलीत गर्दी झाली की त्या अस्वस्थ होत, माणसं कमी असली की शांत असत. त्यांची जाणीव किती होती यावर कायदेपंडितांनी आणि डॉक्टरांनी खूप खल केला. परिचारिकांची एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली. ओळख पटल्याची पावती मिळाली नाही म्हणून त्यांनी सेवा थांबवली नाही.

गुंगी वेगळी आणि झोप वेगळी. झोपेच्या बाबतीत तर आपण आणखी बिनधास्त असतो.

नांदगावच्या वॉर्डातली दुपार घ्या. रात्रभर तापाने तळमळलेल्या बाईचा अकरा-बाराला डोळा लागलेला असतो. पाहुणे येतात. सोबत बसलेली मुलगी, आलेल्यांचा मान राखायचा म्हणून, आईचा दंड हलवते, "आई, उठ ना, बघ कोण आलंय." आई दचकून उठते. पदर सावरते. आधी कोण आलंय ते ओळखते, मग "बरी आहे" म्हणते, मग पाहुण्यांना चहा द्या म्हणून मुलीला सांगते. पाहुणे म्हणतात, "कशाला उठवलं? झोपू द्यायचं होतं." पण हे ती उठल्यावर म्हणतात. आधी म्हणत नाहीत, कारण न उठवता परत जावं लागलं तर आपण आल्याची नोंद होणार नाही. भेट पेशंटसाठी होती की नोंदीसाठी, हे प्रत्येकाने आपलं आपण ठरवावं.

झोपलेल्या पेशंटला काहीच म्हणू नये. पलंगाजवळ कुजबुजूही नये. कुजबुजीनेही माणूस जागा होऊ शकतो. सोबतच्या माणसाला खुणेने व्हरांड्यात बोलवावं. नमस्कार त्याला करावा. दोन रात्री तो झोपलेला नसतो. त्याला "जेवलास का?" विचारावं. इथे प्रश्न चालतो, उत्तर द्यायला तो समर्थ असतो. त्याला अर्धा तास सोडवून आपण पलंगाशी बसलो, तर तीच भेट.

एका ठिकाणी मात्र झोप मोडायलाच हवी. कारण ती झोप नसते. मधुमेहाचं इंजेक्शन चालू असलेला माणूस घामाने ओला, गार पडलेला आणि हाकेला नीट जागा होत नसेल, तर साखर उतरलेली असू शकते. डोक्याला मार लागून आलेला माणूस सकाळी बोलत होता आणि दुपारी घोरतोय, नेहमीपेक्षा वेगळं, खरखरत, हाकेला ऊं करून पुन्हा जातोय, तर ती विश्रांती नव्हे. दुखण्याचं जोरदार औषध दिल्यानंतर श्वास फार मंद झाला असेल तरी तेच. इथे "थकलेत, झोपू द्या" म्हणणारा शहाणा पाहुणा घात करतो. हाक मारून बघायची, जागं करायचा प्रयत्न करायचा, आणि जाग येत नसेल तर तडक सिस्टरला बोलवायचं. हाकेची परीक्षा घ्यायचीच असेल, तर ती इथे.

निघतानाचं बोलणंही भेटीचाच भाग आहे. गुंगीतल्या माणसाजवळून गुपचूप सटकू नये. आवाज थांबला तो का, हे त्याला कळायला हवं. "नाना, मी सुनील, आता निघतो. मामी बाहेर आहे. शनिवारी परत येईन." पण शनिवारी येणार नसाल तर शनिवार म्हणू नये. पडून राहिलेल्या माणसाला वार मोजण्याखेरीज काम नसतं.

आणि एक गोष्ट आधीच ठाऊक असलेली बरी. गुंगीसाठी वापरतात त्या मिडाझोलामसारख्या औषधांनी त्या वेळेपुरती आठवण बनतच नाही. नाना आज डोळे उघडून बघतील, मान हलवतील, हात दाबतील, आणि महिन्याभराने घरी ओट्यावर बसून म्हणतील, "तू कधी आलता दवाखान्यात?" भाच्याने वाईट वाटून घेऊ नये. नाना खोटं बोलत नाहीत आणि विसरलेलेही नाहीत. ती भेट त्यांच्या डोक्यात कधी लिहिलीच गेली नाही.

म्हणून ती कागदावर लिहावी. युरोपात, विशेषतः स्कँडिनेव्हियात, आयसीयूतल्या पेशंटच्या उशाशी वही ठेवायची पद्धत नर्सनी पाडली. रोज कोणी तरी चार ओळी लिहितं, बरा झालेला माणूस नंतर त्या वाचतो आणि हरवलेले दिवस जुळवतो. नंतरच्या मानसिक त्रासावर तिचा उपयोग किती, यावर एकमत नाही. २०१० च्या युरोपातल्या अभ्यासात फायदा दिसला, २०१९ च्या फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. पण वीस रुपयांच्या वहीकडून यापेक्षा जास्त अपेक्षा कशाला? आपल्याकडे सोबतच्या माणसाजवळ वही असतेच. औषधांचे, रक्ताच्या बाटल्यांचे, जीपच्या भाड्याचे आकडे तिच्यात असतात. त्याच वहीच्या मागच्या पानावर तारीख, वेळ, कोण आलं आणि काय सांगून गेलं, एवढं लिहावं. "गुरुवार, संध्याकाळी पाच. सुनील आला होता. न्यायडोंगरीला पाऊस झाला. कांद्याचं रोप टाकलं." ज्याला आपण आल्याची नोंद हवी, त्यानेही ती इथेच करावी, त्यासाठी नानांना उठवायला नको.